कंपनीचा आकार आणि गुंतवणुकीतील जोखीम : लार्ज, मिड आणि स्मॉल कॅपच्या सीमारेषांची पार्श्वभूमी

साताऱ्यात 1936 साली स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक शेअर बाजारात नोंदलेली होती आणि तिचे समभाग जिल्ह्यातील अनेक घरांत बचतीचा भाग म्हणून सांभाळले जात असत. 2 सप्टेंबर 2006 रोजी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली आणि 3 ऑक्टोबर 2006 पासून बँक आयडीबीआय बँकेत विलीन झाली. समभागधारकांना प्रत्येक समभागामागे 28 रुपये रोख मिळाले. त्या भावाने संपूर्ण बँकेची किंमत जेमतेम दीडशे कोटी रुपये होत होती. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तेथे रोख रक्कम मिळाली नाही, तर सांगली बँकेच्या 925 समभागांच्या बदल्यात आयसीआयसीआय बँकेचे 100 समभाग मिळाले. पहिल्या बँकेच्या समभागधारकाची गोष्ट 28 रुपयांवर कायमची संपली, आणि दुसरीचा समभागधारक मात्र देशातील एका मोठ्या बँकेच्या पुढील चढउतारांत भागीदार झाला. छोट्या कंपनीतील गुंतवणुकीचा शेवट किती वेगवेगळ्या तऱ्हांनी होऊ शकतो, हे एकमेकांना लागून असलेल्या या दोन जिल्ह्यांनी वर्षभराच्या आत पाहिले.

त्या काळी 'स्मॉल कॅप' हा शब्द बाजारात रुळलेला होता, पण त्याची सर्वांना बंधनकारक अशी व्याख्या नव्हती. कंपनीच्या एकूण समभागांना चालू भावाने गुणले की तिचे बाजारमूल्य मिळते. परंतु किती कोटींपर्यंत छोटी आणि कितीपासून मोठी, हे प्रत्येक म्युच्युअल फंड आपल्यापुरते ठरवीत असे. त्यामुळे लार्ज कॅप नावाच्या योजनेत मध्यम कंपन्यांचे समभाग सापडत आणि त्यांच्या जोरावर मिळालेला परतावा मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी ताडून दाखवला जाई. या तुलनेत गुंतवणूकदाराची दिशाभूल होत होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेबीने 6 ऑक्टोबर 2017 रोजीच्या परिपत्रकाने ही मोकळीक संपवली. बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 क्रमांकाच्या मिड कॅप आणि 251 पासून पुढच्या सर्व स्मॉल कॅप ठरल्या. लार्ज कॅप योजनेला किमान 80 टक्के, तर मिड आणि स्मॉल कॅप योजनांना किमान 65 टक्के रक्कम आपापल्या गटात ठेवणे आवश्यक झाले. सहा महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्यावरून ही यादी वर्षातून दोनदा नव्याने तयार होते.

सीमारेषा रुपयांत न ठरता क्रमांकावर ठरली, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. 2017 च्या अखेरीस शंभराव्या कंपनीचे बाजारमूल्य सुमारे 29 हजार कोटी रुपये होते. 2024 च्या अखेरीस ते सुमारे एक लाख कोटींवर गेले. म्हणजे बाजारमूल्य दुप्पट होऊनही एखादी कंपनी लार्ज कॅपमधून मिड कॅपमध्ये घसरू शकते. शिवाय ही क्रमवारी संपूर्ण बाजारमूल्यावर लागते. प्रवर्तकांकडे 75 टक्के समभाग असतील, तर प्रत्यक्ष खरेदी-विक्रीसाठी उरलेला चौथा हिस्साच बाजारात असतो, आणि ही बाब 'मिड कॅप' या नावातून कळत नाही.

आकारामुळे वाढ आणि जोखीम कशी बदलते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सातारा औद्योगिक वसाहतीतील ओतकामाच्या एका कारखान्याची वार्षिक विक्री 200 कोटी रुपये आहे असे धरू. कच्चा माल, वीज असा विक्रीबरोबर वाढणारा खर्च 130 कोटी, पगार, व्याज, घसारा असा ठरलेला खर्च 50 कोटी, आणि नफा 20 कोटी. वाहन उद्योगातून 50 कोटींची एक नवी मागणी आली, तर विक्री एकदम 25 टक्क्यांनी वाढते. एक लाख कोटींची विक्री असलेल्या कंपनीला एवढ्याच वाढीसाठी 25 हजार कोटींचे नवे काम शोधावे लागेल. छोट्या कंपनीच्या वेगाचे कारण हेच आहे.

आता उलट बाजू पाहू. मुख्य ग्राहकाने खरेदी कमी केली आणि विक्री 15 टक्क्यांनी घटून 170 कोटींवर आली. बदलता खर्च साडेएकशेदहा कोटींवर येतो, पण ठरलेला खर्च 50 कोटीच राहतो, आणि नफा साडेनऊ कोटी उरतो. तेजीत बाजार या कंपनीला नफ्याच्या तीसपट, म्हणजे 600 कोटींचा भाव देत होता. आता तो पंधरापटच द्यायला तयार असेल, तर मूल्य सुमारे 142 कोटींवर येते. विक्री 15 टक्के घटली आणि भाव 75 टक्क्यांहून अधिक पडला. ठरलेल्या खर्चाचा हा हिशेब मोठ्या कंपनीलाही लागू आहे. पण तिची उत्पादने अनेक, ग्राहक विखुरलेले आणि कर्जाचे मार्ग खुले असल्याने एका ग्राहकाच्या निर्णयाने तिची एकूण विक्री सहसा इतकी हलत नाही.

2018 नंतर हा परिणाम सर्वांसमोर घडला. जानेवारी 2018 मध्ये बीएसई स्मॉलकॅप निर्देशांक 20 हजारांच्या आसपास शिखरावर होता. मार्च 2020 मध्ये तो नऊ हजारांच्या खाली आला. सेन्सेक्सही त्या महिन्यात जोरात कोसळला, परंतु तत्पूर्वी, जानेवारी 2020 मध्ये, तो 42 हजारांचा नवा उच्चांक गाठून आला होता, तर स्मॉल कॅप निर्देशांक तेव्हाही आपल्या जुन्या शिखराच्या बराच खाली होता. मोठ्या कंपन्यांवरून बाजाराचा अंदाज बांधणाऱ्याला ही दोन वर्षांची घसरण दिसलीच नसती.

अशा वेळी भाव पडण्याइतकीच गिऱ्हाईक न मिळण्याची अडचण असते. एखाद्या समभागात दिवसाला दोन कोटींची उलाढाल आहे आणि फंडाकडे त्याचे 40 कोटींचे समभाग आहेत असे समजू. भाव पाडायचा नसेल म्हणून फंडाने उलाढालीच्या दहा टक्केच विक्री करायची ठरवली, तर दिवसाला 20 लाख विकले जातील आणि बाहेर पडायला 200 दिवस लागतील. रोज हजार कोटींची उलाढाल असलेल्या लार्ज कॅपमध्ये तेच 40 कोटी एका दिवसातच मोकळे होतात. भाव एका दिवसातील घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला टेकून लोअर सर्किट लागले की किरकोळ गुंतवणूकदाराचीही तीच स्थिती होते. पडद्यावर भाव दिसतो, पण खरेदीदारांच्या रकान्यात शून्य असते. म्हणून छोट्या समभागाचा भाव पाहताना रोजची उलाढाल त्याच्या शेजारी ठेवून वाचावी.

मार्च 2024 पासून मिड आणि स्मॉल कॅप योजना आपला निम्मा आणि पाव हिस्सा विकायला किती दिवस लागतील, हे जाहीर करतात. त्या गणितात सर्वांत कमी उलाढालीचे 20 टक्के समभाग आधीच वगळलेले असतात. तरीही पहिल्या जाहीर आकड्यांत काही मोठ्या स्मॉल कॅप योजनांना निम्म्या हिश्श्यासाठी महिन्याहून अधिक, तर एखादीला सुमारे दोन महिने लागणार असल्याचे दिसले. आणि जे समभाग विकणे सर्वांत अवघड, ते त्या दिवसांच्या मोजणीत धरलेलेच नव्हते.