रेंज गेली की नंबर गेला?

असं धरू की तासगावातला एक बेदाण्याचा व्यापारी शुक्रवारी संध्याकाळी सौद्यावरून घरी येतो. सातच्या सुमारास त्याच्या फोनची रेंज जाते. पावसाचे दिवस आहेत आणि टॉवर बंद पडणं आपल्या भागाला नवं नाही. घरी वायफाय असल्यामुळे व्हॉट्सअॅप नीट चालतं, त्यामुळे त्याला काही खटकतही नाही. दुसरा शनिवार असल्याने बँक बंद असते. तो रविवारी सकाळी मिरजेतल्या दुकानात सिम दाखवायला जातो. दुकानदार सांगतो, ‘हे कार्ड बंद झालंय, तुमच्या नंबरचं नवीन सिम परवाच निघालंय.’ तोवर खात्यातले सहा लाख चाळीस हजार रुपये गेलेले असतात.

याला सिम स्वॅप म्हणतात. हा प्रकार समजायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपला मोबाइल नंबर सिमकार्डात नसतो, तो कंपनीच्या नोंदवहीत असतो. प्रत्येक कार्डाला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक असतो आणि कोणता नंबर कोणत्या कार्डाला जोडायचा, हे कंपनीच्या संगणकातली एक नोंद ठरवते. कार्ड हरवल्यावर तोच नंबर परत मिळतो तो यामुळेच. ती नोंद दुसऱ्या कार्डाच्या नावावर गेली की आपल्या खिशातलं कार्ड त्या क्षणी निकामी होतं. आपले कॉल आणि एसएमएस त्या दुसऱ्या कार्डावर जाऊ लागतात.

मोबाइल आला तेव्हा या सोयीत धोका नव्हता, कारण नंबर फक्त बोलण्यापुरता होता. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना आणखी एक पडताळणी सक्तीची केली. बँकांनी त्यासाठी हळूहळू एसएमएसवरचा ओटीपी धरला. पुढे यूपीआय आलं तेही मोबाइल नंबरवरच उभं राहिलं. तिजोरीची दुसरी किल्ली अशी मोबाइल कंपनीच्या काउंटरवर जाऊन बसली. त्या काउंटरवरच्या मुलाला आपण किल्ली सांभाळतोय हे कुणी नीट सांगितलंच नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली.

पहिली किल्ली म्हणजे नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा कार्डाचे तपशील. ते चोराकडे आधीच असतात. बँकेसारखं दिसणारं खोटं पान किंवा केवायसीच्या नावाने आलेली लिंक, अशा वाटांनी ते त्याने मिळवलेले असतात. नुसतं सिम घेऊन नेटबँकिंग उघडत नाही. म्हणजे सिम बदललं जातं तेव्हा निम्मी चोरी अगोदरच झालेली असते.

सिम बदलण्याचे मार्गही काळाप्रमाणे बदलले. सुरुवातीला बनावट ओळखपत्र आणि सिम हरवल्याची खोटी तक्रार घेऊन माणूस दुकानात जायचा. फोरजी आलं तेव्हा चोरांनी हे काम ग्राहकाकडूनच करून घेतलं. कंपनीतून बोलतोय असं सांगून फोन यायचा, ‘तुमचं सिम फोरजी करून देतो, हा वीस आकडी नंबर कंपनीला एसएमएस करा.’ तो आकडा चोराच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असे. मग कंपनी ग्राहकाला विचारायची, सिम बदलायचं असेल तर १ दाबा. बिचारा ग्राहक १ दाबायचा. आता ईसिमच्या नावानेही असेच फोन येतात, तिथे तर कार्डाचीही गरज उरत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास सहा मिस्ड कॉल आले. सकाळी सिम बंद होतं आणि २८ व्यवहारांतून १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. त्यानंतर पैसे पाठवण्याचा वेग आणखी वाढला. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र चालू झालं. आता सुट्टी फक्त बँकेच्या शाखेला असते, पैशाला नसते. चोर शुक्रवारची संध्याकाळ निवडतो ती म्हणूनच.

सरकारने उपाय केले नाहीत असं नाही. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना दिला. पण आपल्या व्यापाऱ्याचं उदाहरण पुन्हा बघा. शुक्रवारी सातला रेंज गेली, शनिवारी सातला चोवीस तास भरले आणि रविवारी सकाळपर्यंत अख्खी रात्र चोराच्या हातात राहिली. आदेशाने दिलेले ते चोवीस तास खरं तर आपल्यासाठी होते.

म्हणून रेंज गेली की आधी घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला रेंज आहे का ते बघा. मग त्या फोनवरून आपल्या नंबरला फोन लावा. आपला फोन समोर मुका पडलाय आणि पलीकडे रिंग वाजतेय, तर तो नंबर बहुधा दुसऱ्याच्या हातात गेलाय. रिंग नाही वाजली तरी दुसऱ्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला नाही, एवढ्यावरही कंपनीला विचारून घ्या, ‘माझ्या नंबरचं सिम बदललंय का?’

उत्तर हो आलं तर दोन माणसांनी दोन फोन धरावेत. एकाने कंपनीला सांगून नंबर बंद करून घ्यावा. दुसऱ्याने बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर खात्यातून पैसे जाणं, नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगावं. बँकेचा हा नंबर एटीएम कार्डाच्या मागे असतो, तो एका कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवून ठेवा. तुम्ही एकटेच असाल आणि खातं एकच असेल, तर मी आधी बँकेला फोन करा म्हणेन. कारण सिम चोराकडे राहिलं तरी गोठलेल्या खात्यातून काही निघत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तक्रारीवरून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखली जाते. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवत राहतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. एकदा रोख निघाली की या यंत्रणेला तिथे काही धरता येत नाही. त्यामुळे व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवूनच बोला.

बँकेत तक्रार केल्याचा क्रमांक आणि नेमकी वेळ वहीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही आणि तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर ग्राहकावर काही बोजा पडत नाही. सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. अनेकजण ‘ओटीपी मीच सांगितला होता’ या लाजेने गप्प बसतात. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी तक्रार नोंदवल्यानंतर जे जातात ते बँकेच्या डोक्यावर असतात. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करणंही बँकेचंच काम आहे.

सोमवारी शाखेत लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मोबाइल कंपनीकडेही लेखी मागणी करा, की सिम कोणत्या दुकानातून, कोणत्या कागदांवर आणि किती वाजता दिलं. बँक किंवा कंपनी हात वर करू लागली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा करता येतो. तिथे पहिला कागद लागेल तो हाच, शिक्क्याचा.