भेंडी कट्ट तुटली पाहिजे, आणि कढईत तार सुटली की घाबरायचं नाही

नमस्कार मंडळी, तुमच्या भाजीच्या पिशवीत हा कागद बघून बिल वाटलं असेल तर तसं नाही, बिल वेगळं आहे. भेंडीबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात, आणि दहातले आठ फोन एकाच तक्रारीचे, "भेंडी फार चिकट निघाली." म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच देऊ.

आधी निवडण्याचं. बाजारात आई-आजी भेंडीचा शेंडा मोडून बघायच्या आणि भाजीवाली मावशी ओरडायची ते आठवतंय ना? मावशीचं बरोबर होतं, मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही. पण आईचंही बरोबरच होतं. कोवळ्या भेंडीचं टोक अंगठ्याने जरा दाबलं की कट्ट आवाज होऊन सरळ तुटतं, आणि जून भेंडीचं टोक वाकतं, तुटलं तरी मध्ये दोरे लोंबतात. आमच्याकडची भेंडी घरी आली की तुम्ही बिनधास्त मोडून बघा, तुमचीच आहे.

आता यात एक गोची आहे. वाकणारी प्रत्येक भेंडी जून नसते, काही नुसत्या शिळ्या असतात, म्हणजे तोडून दोन-तीन दिवस झाले, पाणी उडालं आणि रबरासारख्या झाल्या. ओळखायचं कसं, तर सालीत नख खुपसा. नख सहज आत गेलं तर ती कोवळीच आहे पण मलूल झालीय, आजच्या आज करून टाका, भाजी चांगली होईल. नख गेलंच नाही, लाकडावर ओढल्यासारखं वाटलं, तर ती जून, आणि जून भेंडी कितीही शिजवली तरी दातात दोरेच येणार. ती पावशेरात चार-पाच निघाली तर फोटो पाठवा, आम्ही पुढच्या वेळी वजनात धरून देतो.

जून का होते तेही सांगतो. फूल गळल्यावर भेंडी भराभर वाढते, त्यामुळे शेतात दिवसाआड तोडावीच लागते. पावसामुळे किंवा माणूस न मिळाल्यामुळे एक तोडा चुकला की पुढच्या तोड्यात हमखास जून माल येतो. लांबीला बोटाएवढी, साधारण ३ ते ४ इंच, हा ढोबळ हिशोब बरा पडतो, पण कोकण-गोव्याकडच्या जास्त शिरांच्या लांबलचक भेंडीला तो लावू नका, ती वीतभर असूनही कोवळी असते. तिथे टोकाची परीक्षाच खरी.

आता चिकटपणा. भेंडीच्या आत जो बुळबुळीत पदार्थ असतो तो कोवळ्या भेंडीतही असतो, जूनमध्येही असतो, तो काही खराबीचा पुरावा नाही. भेंडी अख्खी असेपर्यंत तो आत गप्प बसतो, कापली की बाहेर येतो, आणि त्याला पाणी मिळालं की फुगून तार धरतो. म्हणजे आपल्याला बघायचंय एवढंच की काप कमी, पाणी कमी.

मागे आमच्या एका ताई वैतागून म्हणाल्या, तुमची भेंडीच तशी असते, शेजारणीची सुटी होते. नीट विचारलं तर कळलं, ताई भेंडी चिरून मग चाळणीत धरून धुवायच्या, का तर आतली अळीबिळी निघून जाईल. पुढे लगेच मीठ, आणि वर झाकण. तीनही गोष्टी पाणी वाढवणाऱ्या! धुताना पाणी आत, मिठाने भाजीतलं पाणी बाहेर, झाकणाची वाफ परत खाली. मग पुढच्या आठवड्यात अर्धा किलो भेंडी त्यांनी अशी केली:

सकाळी अख्खी भेंडी धुतली, सुती पंचावर पसरून पंख्याखाली ठेवली, तासाभराने एकेक कोरड्या फडक्याने पुसली (देठाच्या टोपीखाली पाणी लपतं, तिथे बघायचं). सुरी, पाट, हात सगळं कोरडं. चकत्या पातळ न करता बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढ्या जाड केल्या, कारण जितके जास्त काप तितकी चिकटी जास्त उघडी पडते. दर सात-आठ भेंड्यांनी सुरी पुसली, नाहीतर सुरीवरची चिकटी पुढच्या चकत्यांना लागत जाते. अळीचं म्हणाल तर बाहेरून बारीक भोक आणि त्याभोवती भुश्यासारखं काही दिसलं की तेवढी बाजूला काढायची, चिरताना दिसतेच.

मग पसरट लोखंडी कढई चांगली तापवून ३ चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची, आणि भेंडी दोन खेपांना, कारण अर्धा किलो एकदम टाकली तर ढिगाखालची भाजत नाही, वाफलते. मोठ्या आचेवर, झाकण नाही. चार-पाच मिनिटांनी उलथन्याला पांढऱ्या तारा यायला लागतात आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, कोणी पाण्याचा हबका मारतं, कोणी भराभर ढवळतं आणि तुकडे मोडतात. काही करू नका हो! दोन मिनिटांनी एकदा हलकेच उलटा बस्स. ओल उडाली की तारा आपोआप जातात, साधारण दहा मिनिटांनी कडा तांबूस होतात, मग दोन्ही खेपा एकत्र करून मीठ, दाण्याचं कूट, ओलं खोबरं. ताईंचा फोन आला, सुटी झाली म्हणून, शेजारणीचं नाव नाही काढलं यावेळी.

आंबटाने चिकटी आणखी मोडते, म्हणून आमसूल, चिंच, लिंबू, आमचूर यातलं काहीतरी चालतं. फक्त लोखंडी कढईत आंबट आधी घातलं तर भाजी काळपट पडते, तेव्हा लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा किंवा दुसरी कढई घ्या. ताकातली भेंडी किंवा आमटी करायची तर भेंडी आधी वेगळी परतून घ्या आणि शेवटी सोडा, कच्ची सोडली तर आमटीच तार धरते. भरली भेंडी सगळ्यात सोपी, एकच उभी चीर, टोपी नुसती तासायची, तिथून आतला कप्पा उघडायचा नाही.

ठेवायचं असेल तर न धुता, कागदात किंवा कापडी पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या खणात, दोन-तीन दिवस. बंद प्लास्टिकमध्ये घाम धरून काळे डाग पडतात, आणि फार गारठा मिळाला तरी पडतात, म्हणून मागच्या थंड भिंतीला टेकवू नका.

डब्याला नेणाऱ्यांसाठी एक राहिलंच. गरम भाजी लगेच डब्यात भरून झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि दुपारी परत चिकट लागते, मग फोन आम्हाला! ताटात पसरून दहा मिनिटं निवू द्या आणि मग भरा.