एमबीएचा एसआयपी अहवाल: कोणती प्रकरणे, किती पाने आणि कुणाकुणाच्या सह्या

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएमध्ये दुसरे सत्र संपल्यावर आणि तिसरे सुरू होण्याआधी विद्यार्थ्याला समर इंटर्नशिप प्रोजेक्ट करावा लागतो. सगळे त्याला एसआयपीच म्हणतात. कॉलेजात फिरणारे नमुना अहवाल डोळे झाकून उतरवले जातात, आणि त्यातूनच बहुतेक अडचणी उभ्या राहतात. म्हणून अहवालात विद्यापीठाला नेमके काय हवे असते, ते इथे 2019 च्या पॅटर्ननुसार सांगतो. तुमचा पॅटर्न नंतरचा असेल तर आपल्या अभ्यासक्रम पुस्तिकेतले एसआयपीचे पान आधी काढून समोर ठेवा. मुदत आणि गुण त्यातलेच धरायचे.

एसआयपी किमान आठ आठवड्यांची असावी लागते. ती कंपनीत करता येते, तशीच लघुउद्योगात, सरकारी उपक्रमात, सहकारी संस्थेत किंवा स्वयंसेवी संस्थेतही चालते. गुण 100. त्यातले 50 कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि 50 बाह्य परीक्षकासमोरच्या तोंडी परीक्षेचे. ही तोंडी तिसऱ्या सत्राच्या लेखी परीक्षेनंतर होते, म्हणजे काम संपून चांगले काही महिने उलटलेले असतात. अहवाल मात्र तिसऱ्या सत्रात 30 सप्टेंबरच्या आत जमा करायचा असतो. दोन छापील प्रती आणि एक सॉफ्ट कॉपी. त्यातली एक छापील प्रत तोंडी झाल्यावर विद्यार्थ्याला परत मिळते.

आधी सह्यांची पाने

अहवाल हातात घेतल्यावर परीक्षक सुरुवातीची पाने पाहतो, आणि पुढचे सगळे त्या पानांशी ताडून पाहतो. ही कागदपत्रे मुख्यतः तीन: संस्थेचे म्हणजे कॉलेजचे प्रमाणपत्र, कंपनीचे प्रमाणपत्र आणि कंपनीतल्या गाइडचा लेखी अभिप्राय. त्यांच्या जोडीला एसआयपीची प्रोग्रेस डायरी जमा करावी लागते. रोज केलेल्या कामाची नोंद तीत असते आणि तिच्यावर कंपनीतल्या मेंटॉरची व कॉलेजच्या गाइडची सही लागते. हे काम आपलेच असून अन्यत्र सादर केलेले नाही, असे विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापनही बहुतेक कॉलेजे जोडायला सांगतात.

कंपनीचे प्रमाणपत्र लेटरहेडवर असावे. त्यात विद्यार्थ्याचे नाव गुणपत्रिकेवर आहे तसेच, विभागाचे नाव, प्रकल्पाचे शीर्षक, सुरुवातीची व शेवटची तारीख हवी, आणि खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व शिक्का. एचआरकडे त्यांचा ठरलेला मजकूर असतो आणि त्यात शीर्षक बहुधा नसतेच. ‘आमच्याकडे इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता, शीर्षक ठरले की लगेच आपल्याला हवा तो मजकूर टाइप करून एचआरला पाठवावा. दोन्ही प्रतींसाठी दोन मूळ प्रमाणपत्रे मागून घ्यावीत. एक मूळ आणि एक झेरॉक्स चालेल का, हे कॉलेजला आधी विचारलेले बरे.

अभिप्राय हे वेगळे पान आहे, प्रमाणपत्रात तो मिसळू नये. विद्यार्थी आला होता आणि त्याने हे काम केले, हे प्रमाणपत्र सांगते. काम कसे केले, ते अभिप्राय सांगतो, आणि तो ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले त्याचा असावा. एचआरच्या माणसाने तुम्हाला आठ आठवड्यांत दोनदा पाहिलेले असेल, तर त्याच्या अभिप्रायाला परीक्षक फारशी किंमत देत नाही.

संस्थेचे प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी होते. त्यावर आधी कॉलेजचा गाइड सही करतो, मग संचालक मान्यता देतात. बाह्य परीक्षकाच्या सहीची जागा रिकामी ठेवलेली असते, ती तोंडीच्या दिवशी भरते. गाइडने अंतिम मसुदा वाचल्याशिवाय या पानावर सही होऊ नये, आणि कंपनीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय चांगला गाइड ती करतही नाही. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संचालकांच्या केबिनबाहेर रांग लागते आणि कंपनीचे पत्र न आलेले विद्यार्थी त्या रांगेत अडकतात.

तारखांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्स विभागात रुजू झाली. तारीख 9 जून 2025, सोमवार. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. ते 3 ऑगस्टला, रविवारी भरतात, म्हणून कामाचा शेवटचा दिवस शनिवार, 2 ऑगस्ट. तिची डायरीही 2 ऑगस्टपर्यंत आहे. एचआरने मात्र महिनाअखेर धरून पत्रात 31 जुलै घातली. 9 जून ते 31 जुलै हे 53 दिवस होतात. म्हणजे सात आठवडे आणि चार दिवस.

तिने काम पूर्ण केले आहे, पण कागदावर ते अपुरे दिसते, आणि डायरीत पत्राच्या तारखेनंतरच्या नोंदी असल्याने उलट डायरीच संशयास्पद ठरते. यावर उपाय एकच: पत्र बदलून घेणे. तारखेवर पेनाने खाडाखोड करून आणू नये. पत्र मिळाल्याच दिवशी तिथेच उभे राहून नाव, शीर्षक आणि दोन्ही तारखा वाचल्या तर हे काम पाच मिनिटांत होते. सप्टेंबरपर्यंत सही करणारा अधिकारी बदलून गेलेला असू शकतो.

शीर्षकाचेही तसेच. मुखपृष्ठ, दोन्ही प्रमाणपत्रे, प्रतिज्ञापन आणि डायरी, या सगळ्यांवर ते अक्षरशः एकच हवे. गाइडने मध्येच शीर्षक बदलायला सांगितले, तर कंपनीच्या पत्राचे काय, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

प्रकरणे

विद्यापीठाच्या यादीत प्रमाणपत्रांनंतर हा मजकूर येतो: कार्यकारी सारांश, जिथे काम केले त्या संस्थेची ओळख, हाती घेतलेल्या समस्येची किंवा कामाची रूपरेषा, संशोधन पद्धती व माहितीचे विश्लेषण, आवश्यक ते तक्ते-आलेख, विद्यार्थ्याला काय शिकायला मिळाले, संस्थेला त्याचे काय योगदान झाले, आणि शेवटी संदर्भसूची.

या यादीतली एक अट जवळजवळ कुणी वाचत नाही. संशोधन पद्धती आणि विश्लेषण हे प्रकरण फक्त संशोधन प्रकल्पासाठी आहे. एसआयपी म्हणजे कंपनीने दिलेले प्रत्यक्ष कामही असू शकते, तिथे हे प्रकरण लागत नाही. तरीही मुले पन्नास जणांकडून गूगल फॉर्म भरून घेतात, त्याचे पाय-चार्ट काढतात आणि ज्या कामात दोन महिने घालवले ते दोन परिच्छेदांत गुंडाळतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या मुलांकडे सांगण्यासारखे खरेच काही असते. तुमचे काम कोणत्या प्रकारात बसते, हे जूनमध्येच गाइडकडून ठरवून घ्या. काम प्रत्यक्ष स्वरूपाचे असेल, तर त्या जागी आधी काय चालत होते, तुम्ही काय केले आणि कोणत्या नोंदी वापरल्या, ते क्रमाने लिहा.

आपल्या चाकणच्या विद्यार्थिनीचेच पाहू. तिला 320 सुट्या वस्तूंच्या साठ्याची एबीसी वर्गवारी करायला दिली होती, म्हणजे वर्षभरात वापरलेल्या मालाच्या किमतीनुसार वस्तू लावायच्या. समजा, 34 वस्तूंमध्येच 71 टक्के किंमत अडकलेली निघाली, आणि त्यातल्या 9 वस्तू जूनमध्ये एकदा तरी संपल्या होत्या. स्वस्त वॉशर मात्र सहा महिने पुरतील एवढे पडून होते. तिने वरच्या 34 वस्तूंची मोजणी दर आठवड्याला करावी असे सुचवले आणि स्टोअर्सने 12 वस्तूंपासून ती सुरू केली. इथे प्रश्नावलीची गरजच नाही. ‘योगदान’ या प्रकरणात त्या 12 वस्तूंची गोष्ट तारखेसह येईल. ‘कंपनीची कार्यक्षमता वाढली’ असे वाक्य तिने लिहू नये, कारण ते मोजलेले नाही.

कंपनीने खरे आकडे छापू दिले नाहीत तर एका महिन्याला 100 धरून बाकीचे महिने त्या प्रमाणात दाखवता येतात. तसे केल्याचे अहवालात सांगावे आणि कंपनीच्या गाइडला ते पान दाखवून घ्यावे.

किती पाने?

लांबी ठरवताना कॉलेजची सूचना पाळावी. प्रत्यक्षात मुख्य मजकूर साधारण 40 ते 60 पानांचा असला की काम नीट मांडता येते. वरच्या उदाहरणात 46 पाने पुरे झाली: संस्थेची ओळख 6, कामाची रूपरेषा 5, वापरलेल्या नोंदी व पद्धत 5, प्रत्यक्ष काम आणि विश्लेषण 22, शिकलेले 4, योगदान 4. सारांश एक-दोन पानांचा असावा आणि तो सगळ्यात शेवटी लिहावा. 320 वस्तूंचा पूर्ण तक्ता परिशिष्टात जाईल, मधल्या पानांत त्यातल्या पहिल्या 34 वस्तू पुरतील. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि प्रकरणांपासून साधे आकडे, ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास सोडा, नाहीतर तक्त्याचा पहिला रकाना शिलाईत जातो. कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापण्याला विद्यापीठाचेच प्रोत्साहन आहे. कॉलेजने एकाच बाजूने छापण्याचा आग्रह धरला, तर तो नियम कॉलेजचा समजावा.

पाने फुगतात ती नेहमी संस्थेच्या ओळखीत. कंपनीच्या संकेतस्थळावरून इतिहास, पुरस्कार आणि उत्पादनांची यादी उचलून वीस पाने होतात. तो मजकूर साम्यतपासणीत लगेच पकडला जातो. वाङ्मयचौर्याबाबतच्या 2018 च्या यूजीसी नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे. 10 ते 40 टक्क्यांमध्ये असेल तर सुधारून पुन्हा सादर करायला लावता येते. अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत, कंपनीचा उचललेला इतिहास मात्र धरला जातो. म्हणून या प्रकरणात आपल्या विभागाचीच माहिती जास्त द्या: किती माणसे, कोण कुणाला उत्तरदायी, माल कुठून आत येतो आणि कोणत्या कागदावर बाहेर जातो. हे कोणत्याही संकेतस्थळावर नसते, आणि तोंडीत पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.

बांधणीला देण्याआधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून सह्यांची पाने मोजा. दुसऱ्या प्रतीत अभिप्रायाचे पान राहून जाते, आणि परीक्षकासमोर नेमकी तीच प्रत येऊ शकते. डायरीची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, तोंडीच्या आदल्या दिवशी अहवालाआधी तीच वाचायची आहे.