रेषेवर कोण आहे? विंगर आत का वळतो याची पार्श्वभूमी

वेंगुर्ल्याच्या बाजूला ओहोटी लागली की आम्ही पुळणीवर फुटबॉल खेळायचो. वरची वाळू भुसभुशीत, तिच्यात बॉल रुतायचा. पाण्यालगतची ओली वाळू मात्र टणक, म्हणून सगळा खेळ त्या पट्ट्यात चालायचा. मालवणच्या दिशेने चढाई असली की समुद्र डाव्या हाताला. डावखुरा आमच्यात कोणीच नव्हता, त्यामुळे डाव्या बगलेला मी, उजव्या पायाचा. बॉल पाण्यात गेला की थोरला चुलतभाऊ ओरडायचा, "तूच हाड आता!" आणायला जावं लागेल या धाकाने मी दर वेळी पाण्याकडे पाठ करून आत वळायचो. त्यामागे काही डावपेच असेल, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

आता पावसाळ्यात गावच्या मैदानावर पोरांचे सामने बघतो, तर डाव्या बगलेला उजव्या पायाचा मुलगा मुद्दाम ठेवलेला असतो. काठावरची जुनी मंडळी कुरकुरतात. लाइन धरून पळायचं, कोपऱ्याजवळून गोलासमोर क्रॉस टाकायचा, ते सोडून हा आत कशाला घुसतो? प्रश्न रास्त आहे, कारण त्यांनी पाहिलेला विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू, खरंच तसाच खेळायचा.

त्या जुन्या विंगरचं काम बॉल पुरवण्याचं होतं. १९५३च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध ३-१ने मागे होतं आणि ४-३ने जिंकलं. शेवटचा गोल झाला तो स्टॅन्ली मॅथ्यूजने उजव्या बगलेने बचावपटूला बाहेरून मागे टाकून बॉल आत ढकलला आणि बिल पेरीने मारला म्हणून. १९५८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलचे पहिले दोन्ही गोल एकाच साच्यातले होते. गारिंचा उजवीकडून गोलरेषेकडे सुटला, त्याने बॉल आत दिला आणि वावाने तो जाळ्यात घातला. गारिंचा उजव्या पायाचा आणि उजव्याच बगलेचा. बाहेरून पळताना बॉल बाहेरच्या, म्हणजे जोरकस पायावर राहतो आणि पळता पळता क्रॉस टाकता येतो. हे सगळं जमायचं, कारण आत क्रॉसची वाट पाहणारी दोन-तीन माणसं असायची.

मग ती माणसं कमी झाली. १९६६मध्ये अल्फ रॅम्सेच्या इंग्लंडने बाद फेरीपासून विंगरच वगळले आणि विश्वचषक जिंकला, तो वेगळा किस्सा. आपल्या विषयाला महत्त्वाचा बदल नव्वदच्या दशकापासून हळूहळू रुजला. मधल्या फळीत एक जास्तीचा खेळाडू हवा म्हणून संघ दोनऐवजी एकाच स्ट्रायकरवर खेळू लागले. आता विंगरने कितीही सुरेख क्रॉस टाकला, तरी आत एकटा स्ट्रायकर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सेंटर बॅक. असा बॉल बहुतेक वेळा बचावपटूच डोक्याने बाहेर काढतो. मग गोल करायचे कोणी? पुरवठा करणाऱ्यालाच आता गिऱ्हाईक व्हावं लागणार होतं.

इथे थोडी भूमिती लागते. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. गोलरेषेपासून साडेसोळा मीटरवर, म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या पुढच्या रेषेच्या पातळीला, विंगर बाजूच्या रेषेजवळ उभा आहे असं धरा, मैदानाच्या मध्यापासून तीस मीटर लांब. तिथून दोन खांबांमधलं अंतर त्याला जेमतेम ६ अंशांत दिसतं. तो त्याच पातळीवर आत सरकला आणि मध्यापासून वीस मीटरवर आला, की हा कोन सुमारे १० अंश होतो. दहा मीटरवर आला, तर जवळपास १९. उलट जुन्या पद्धतीने तो खाली गोलरेषेकडे गेला आणि मध्यापासून वीस मीटरवरच, पण रेषेपासून फक्त दोन मीटरवर पोचला, तर कोन २ अंशांच्या आसपास उरतो. तिथून क्रॉसच टाकता येतो, गोल मारायचा विचार सोडून द्यायचा.

कोन उघडला तरी शॉट कमकुवत पायाने मारायचा असेल तर उपयोग थोडा. म्हणून बाजूंची अदलाबदल. डावीकडून आत येणाऱ्या उजव्या पायाच्या खेळाडूचा बॉल आतल्या पायावर असतो, तर बचावपटू त्याच्या आणि गोलाच्या मध्ये, म्हणजे दुसऱ्या बाजूला. त्याच्यापासून बॉल लांब आणि मध्ये विंगरचं अंग. शिवाय समोरचा राइट बॅक बहुधा उजव्या पायाचाच असतो आणि विंगर त्याच्या डाव्या हाताला वळतो, म्हणजे त्याला पाय घालावा लागतो तो कच्चा. वर पायाच्या आतल्या बाजूने मारलेला बॉल आधी लांबच्या खांबाच्या बाहेर जातोय असं वाटतं आणि मग वळून आत येतो. गोलकीपर जवळचा खांब सांभाळून उभा असतो, त्याला तिथवर पोचायला वेळच मिळत नाही.

याचं सगळ्यांना पाठ झालेलं उदाहरण म्हणजे आर्यन रॉबेन. डाव्या पायाचा हा डचमन २००९च्या ऑगस्टमध्ये रेआल माद्रिद सोडून बायर्न म्युनिकला आला आणि लुई व्हान गालच्या संघात उजवीकडे खेळू लागला. डावीकडे आधीपासून फ्रँक रिबेरी होता, उजव्या पायाचा. मार्च २०१०मध्ये फिओरेंटिनाविरुद्ध रॉबेन उजवीकडून आत आला आणि त्याने लांबूनच डाव्या पायाने बॉल वरच्या कोपऱ्यात मारला. दोन सामन्यांची बेरीज ४-४ झाली आणि परक्या मैदानावरच्या गोलांवर बायर्न पुढे गेलं. रॉबेन काय करणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असायचं, तरी तो अडवला जात नसे. लोक याचं श्रेय त्याच्या पायाला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय फिलिप लामचं आहे.

लाम त्याच्या मागचा राइट बॅक. रॉबेन बॉल घेऊन किंचित थांबायचा आणि तेवढ्यात लाम त्याच्या बाहेरून, मोकळ्या पडलेल्या रेषेवरून पुढे धावायचा. समोरच्या लेफ्ट बॅकची इथे पंचाईत होते. तो आतली वाट अडवून उभा राहिला तर बाहेर लाम एकटा सुटतो. लामकडे अर्धं पाऊल जरी सरकला तरी रॉबेनला हवी ती फट मिळते. लामला बॉल मिळालाच पाहिजे असंही नाही. त्याची बरीचशी धाव फुकट जाण्यासाठीच असते आणि म्हणूनच ती आकडेवारीत कुठे दिसत नाही.

पुढे युप हाइन्केसच्या बायर्नमध्ये, २०१२-१३च्या हंगामात, डावीकडे डेव्हिड अलाबा आणि रिबेरी अशी तशीच जोडी झाली. त्यामुळे चढाईचा आकार पार बदलला. कागदावर चार बचावपटू, पण बॉल पुढे गेला की दोन्ही फुलबॅक, म्हणजे राइट बॅक आणि लेफ्ट बॅक, रेषांवर, दोन्ही विंगर आत आणि मागे जवळजवळ फक्त दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या पुढे एक-दोन मिडफिल्डर. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना २५ मे २०१३ला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध झाला. बायर्न २-१ने जिंकलं आणि गंमत म्हणजे दोन्ही गोलांत रॉबेन आपल्या बगलेला नव्हताच. पहिल्या गोलाच्या वेळी तो डावीकडे निघाला होता, रिबेरीच्या पासवर पळून त्याने मांजुकिचला बॉल आडवा दिला. ८९व्या मिनिटाला तो थेट मधून घुसला, स्ट्रायकरसारखा, आणि डाव्या पायाने बॉल जाळ्यात सोडला. बाजूच्या रेषेची जबाबदारी दुसऱ्याने घेतली की विंगर कुठेही उगवू शकतो, ते असं.

या व्यवस्थेची किंमतही तिथेच आहे. बॉल हरवला की वर गेलेल्या फुलबॅकच्या मागचं मैदान रिकामं असतं आणि प्रतिस्पर्ध्याचा पहिला लांब पास तिथेच पडतो. दुसरा धोका फुलबॅक वर गेलाच नाही तर. मग समोरचा बचावपटू निर्धास्तपणे आतल्या बाजूला उभा राहतो, त्याचा मिडफिल्डर शेजारी येतो आणि विंगर त्या दोघांच्या कात्रीत सापडतो. बाहेर वळावं तर कच्चा पाय. आपला स्ट्रायकरही मधेच उभा असला तर गर्दीत आणखी एक माणूस. सामना बघताना हे ओळखायला सोपं आहे. विंगरला बॉल मिळाला की नजर त्याच्यावर ठेवू नका, त्याच्या मागच्या फुलबॅकने पाऊल उचललं का ते बघा. समोरच्या बचावपटूची एक नजर बाहेर जात नसेल, तर तो विंगर थोड्याच वेळात मागे पास देऊ लागतो.

जिथे हे नीट बसलं तिथे हिशेब स्पष्ट दिसतो. लिव्हरपूलमध्ये डाव्या पायाचा सालाह उजवीकडून आणि उजव्या पायाचा माने डावीकडून आत यायचे, तर फिर्मिनो स्ट्रायकर असूनही मागे सरून त्यांना जागा करून द्यायचा. सालाहने २०१७-१८च्या प्रीमियर लीगमध्ये ३२ गोल केले. पुढच्या हंगामात लीगमधले १२ असिस्ट ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डचे आणि ११ अँडी रॉबर्टसनचे, म्हणजे दोन्ही फुलबॅकचे. मॅथ्यूज-गारिंचाचं काम बंद पडलेलं नाही, ते मागच्या फळीतल्या माणसाकडे गेलं आहे. आपल्याकडचं उदाहरण म्हापशाच्या मंदार राव देसाईचं. डाव्या पायाचा हा खेळाडू एफसी गोवाकडे विंगर म्हणून आला आणि पुढे लेफ्ट बॅक झाला. फातोर्ड्याला सामना बघायला जाणाऱ्या सावंतवाडी-बांद्याकडच्या मंडळींना तेव्हा तो मागे ढकलल्यासारखा वाटला. पण आजच्या लेफ्ट बॅकला जुन्या विंगरचेच पाय लागतात.

उलटी बाजूही आहे. पेप ग्वार्दिओलाने २०१७-१८मध्ये मँचेस्टर सिटीचा लेफ्ट बॅक वर न पाठवता आत, मिडफिल्डरांच्या शेजारी आणला. आता रेषेवर कोण? म्हणून डाव्या पायाचा साने डावीकडे आणि उजव्या पायाचा स्टर्लिंग उजवीकडे, जुन्या पद्धतीने. एकाने गोलरेषेजवळून बॉल आत सरपटवायचा, दुसऱ्याने लांबच्या खांबापाशी पोचून तो ढकलायचा. सिटीने त्या हंगामात १०० गुण मिळवले. फुलबॅक आणि विंगर यांच्यातला एक आत आला की दुसऱ्याने बाहेर राहायचं. दोघेही आत आले तर समोरचा अख्खा बचाव मध्ये गोळा होतो.

आमच्या पुळणीवर नेमकं हेच अडायचं. पूर्ण ओहोटीला पाण्यालगत पाच-सहा पावलांची कडक वाळू मोकळी असायची. तोवर मागून कोणी तिथून पळालं की समोरचा पोरगा गोंधळायचा आणि माझं आत वळणं चालून जायचं. भरती चढू लागली की ती वाट आधी बुडायची. मग समोरच्याला बाहेर बघायची गरजच नसे. तो आतल्या बाजूला पाय रोवून उभा राहायचा आणि बॉल त्याच्या नडगीवर आपटून पाण्यात जायचा. आणायला अर्थात मीच.