सहलवर्णन (शालेय) : पुनर्लेखन

विद्यार्थ्याने सहलीवर लिहिलेला पहिला खर्डा इंद्रियानुभव, स्वतःचा सूर आणि हेतूला धरून केलेली मांडणी यांच्या आधारे सुधारून घेण्याची पद्धत.

मराठी प्रवासलेखनाचा आरंभ बहुधा गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून (प्रकाशन १९०७) धरला जातो. तो महानुभावांच्या ‘स्थानपोथी’पर्यंत मागे नेता येतो, असेही एक मत आहे. ही पोथी साधारणतः चौदाव्या शतकातील मानतात. चक्रधरस्वामी पैठणसारख्या ज्या ठिकाणी राहिले, तिथली देवळे, त्यांच्या दारांची दिशा, आजूबाजूच्या जागा ती बारकाईने नोंदवते. तरीही पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. पोथीत जागा आहे, वाटेने चालणारा माणूस मात्र नाही. शालेय खर्ड्यातही बहुधा हीच उणीव असते.

मराठवाड्यात सहल वेरूळला निघाली की वाटेत देवगिरी (दौलताबाद) किल्ला होतोच. तिथल्या अंधारीवरचा, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेवरचा, एक नमुना-खर्डा असा : ‘आम्ही सकाळी सहा वाजता बसने निघालो. किल्ला खूप भव्य आहे. तिथे अंधारी आहे. तेथील दृश्य विलोभनीय होते. खूप मजा आली.’ अंधारीत दिसलेच नाही काही, तर दृश्य कुठले? हा एक प्रश्न विचारला की बाकीचे काम सोपे होते. डोळे निरुपयोगी ठरल्यावर हाताला, पायाला, नाकाला काय कळले तेवढेच लिहायला सांगावे :

‘मी पुढच्या मुलीची ओढणी धरून चालले होते. पायऱ्या सारख्या नव्हत्या. एक घोट्याएवढी, पुढची गुडघ्याएवढी. वटवाघळांचा वास नाकात बसला. भिंतीला हात लावला तर गार. मागून कुणीतरी ओरडलं, अगं माय, संपतंय का नाही हे!’

शेवटचे वाक्य प्रमाण भाषेत बदलण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. लिहिणारीचा सूर तिथेच सापडतो.

मांडणीसाठी घड्याळाऐवजी एक प्रश्न घ्यावा : शत्रू इथवर आला असता तर कुठे अडकला असता? मग खंदक, तासून सरळ केलेला कडा आणि अंधारी याच क्रमाने येतात. बस आणि डबा आपोआप गळतात. वर उजेड दिसला की लेख थांबवता येतो.

पाचही इंद्रिये प्रत्येक परिच्छेदात कोंबली की लेखन पुन्हा कृत्रिम होते. ओळखायची खूण सोपी आहे. किल्ल्याचे नाव झाकून वाचावे. वर्णन कुठल्याही किल्ल्याला लागू पडत असेल, तर ते आठवून नव्हे, रचून लिहिलेले असते. म्हणून चार शब्दांची टिपणे त्याच संध्याकाळी करून घेणे बरे. एखादा मुलगा घाबरून अंधारीच्या तोंडाशीच थांबला असेल, तर त्याने आतले वर्णन मित्राकडून उसने घेऊ नये. बाहेर ताटकळताना आतून आलेले आवाज त्याने लिहावेत.