म्हैस तासन्‌तास पाण्यात का बसते?

म्हशीचा पूर्वज, म्हणजे रानम्हैस, हे मुळात नदीकाठचं जनावर. उंच गवत, पाणथळ जागा, गाळाची जमीन हा तिचा मुलूख. सर्वांत जास्त रानम्हशी आजही आसामात काझीरंग्यात दिसतात. आपल्याकडे गडचिरोलीत कोलामार्काच्या जंगलात त्या आहेत. माणसाने भारतीय उपखंडात ती पाळायला घेतली त्याला पाच-सहा हजार वर्षं झाली असावीत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही म्हैस कोरलेली सापडते. ती गोठ्यात आली, पुढे दख्खनच्या कोरड्या पठारावरही पोचली, पण कातडी मात्र पाणथळीतलीच राहिली.

या कातडीतच खरी मेख आहे. ती काळी असल्यामुळे ऊन जास्त शोषते आणि अंगावर केस विरळ असल्याने उन्हाला आडही राहत नाही. शिवाय घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी, ढोबळमानाने एक दशांश. गाईला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवतं. म्हशीला ही सोय अपुरी पडते. म्हणून ती घामाचं काम बाहेरच्या पाण्याकडून करून घेते. ऊन तापलं की तिच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने ती ओढून घेतं. पण चारशे-पाचशे किलोचा देह पाच मिनिटांत थंड होत नाही. ती तासन्‌तास बसून राहते याला लोक आळस म्हणतात, ते मला पटत नाही.

चिखलाचं काम वेगळं. साधं पाणी अंगावरून लवकर उडून जातं. गाळाचा लेप ओल धरून ठेवतो आणि म्हैस बाहेर आल्यावरही बराच वेळ गारवा देतो. वाळलेला थर चावऱ्या माश्यांना आड येतो, आणि तो झडताना काही उवा-गोचीडही निघून जातात.

उन्हाळ्यात गावतळं आटलं की हे सगळं थांबतं. मग म्हैस तोंड उघडून धापा टाकते, लाळ गाळते, चारा सोडते, दूध कमी देते. माजही मुका होतो, म्हणजे ती माजावर आलेली कळतच नाही आणि गाभ लांबतो. अशा वेळी सावलीत बांधून दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारावं लागतं, आणि गोठ्यात वारा खेळता हवा. कोंदट गोठ्यात नुसतं भिजवून फायदा होत नाही, कारण पाणी वाळलं तरच अंग निवतं.

तळं असलं तरी एक पथ्य आहे. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात म्हैस चिखलात बसली तर जंतू आत शिरून कासदाह होतो. म्हणून धार काढल्यावर पुढ्यात वैरण टाकून तिला तेवढा वेळ उभी ठेवावी आणि मगच पाण्यावर सोडावी.