रिंग गप्प, तरी गेम का अडकतो?

मागच्या रविवारी निपाणीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा बीजीएमआय खेळत बसला होता. शेवटचे चार-पाच खेळाडू उरलेले, आणि अचानक समोरची माणसं जागच्या जागी थिजली. वीसेक सेकंदांनी गेम हलला, तोवर याचा खेळ संपला होता. "मामा, डू नॉट डिस्टर्ब लावलंय, तरी गेम अडकायलंय!" कॉल लॉग उघडला, तर त्याच मिनिटाला कागलच्या आत्याचा मिस्ड कॉल होता. वाजला नव्हता, दिसला नव्हता, पण आला होता.

डू नॉट डिस्टर्ब कॉल अडवतो, असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात कॉल टॉवरवरून निघून फोनच्या मोडेमपर्यंत पोचतोच. तो पोचल्यावर वाजवायचा का, पडद्यावर पट्टी दाखवायची का, एवढंच डू नॉट डिस्टर्ब ठरवतं. गेम मोडचंही तसंच. तो प्रोसेसरचा जोर गेमकडे वळवतो, वरून उतरणाऱ्या पट्ट्या झाकतो. मोडेमचं काम त्याच्या हातात नसतं. व्हॉट्सॲपचा कॉल मात्र असा गेम गोठवत नाही, कारण तो गेमच्याच इंटरनेटवरून येणारी एक सूचना असतो. सूचना दाबली की काम झालं. साधा कॉल वेगळा, तो मोडेमचा टॉवरशी बोलणारा रेडिओच मागतो.

सीमाभागात हा त्रास जास्त जाणवतो, कारण आपल्याकडे दोन सिम असतात. एक कर्नाटक सर्कलचं, एक महाराष्ट्राचं. रोमिंगचे पैसे लागायचे त्या काळापासूनची सवय. बहुतेक फोनमध्ये सिम दोन असली तरी रेडिओ दोघांत मिळून एकच असतो. एरवी तो पहिल्या सिमवर डेटा चालवतो आणि मधूनमधून क्षणभर दुसऱ्या सिमच्या टॉवरकडे कान लावतो, "माझ्यासाठी कॉल आहे का?" एवढ्याने गेमला फरक पडत नाही. पण दुसऱ्या सिमवर कॉल आला की रेडिओ तिकडे जातो आणि पहिल्या सिमचा डेटा थांबतो. भाच्याचा डेटा कर्नाटकच्या सिमवर आणि आत्याचा कॉल महाराष्ट्राच्या सिमवर होता. रिंग ऐकू आली असती तर त्याने लगेच कॉल कापला असता. ती गप्प असल्यामुळे आत्या कंटाळून फोन ठेवीपर्यंत रेडिओ तिकडेच अडकून राहिला.

काही महागड्या नव्या फोनमध्ये दोन्ही सिम एकाच वेळी चालू शकतात, तिथे हे होत नाही. पण "नेट बूस्टर" म्हणवणारी ॲप घेऊन हे सुटत नाही. रेडिओ दुसरीकडे गेलेला असताना कुठलंही ॲप त्याला परत ओढू शकत नाही.

एकच सिम असूनही गेम अडकत असेल तर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल चालवायची सोय, बंद आहे का पाहा. ते बंद असलं की कॉलसाठी फोन ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर उतरतो, आणि २जीवर उतरला तर कॉल आणि डेटा सोबत चालत नाहीत.

आपल्या फोनचं कारण ओळखायला दोन मिनिटं लागतात. मोबाइल डेटावर सरावाचा सामना लावा आणि कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा बघत राहा. घरच्या कुणाला तरी आधी एका सिमवर, मग दुसऱ्यावर कॉल करायला सांगा. डेटाच्या सिमवर कॉल येताच ४जीचं चिन्ह जाऊन `E` किंवा `H` आलं, तर व्हीओएलटीईची गडबड. दुसऱ्या सिमच्या कॉलला पिंग बिघडला, तर रेडिओ वाटून घेतल्याचा परिणाम.

भाच्याच्या फोनवर दुसरं कारण निघालं. सामन्यापुरतं सेटिंगमधून दुसरं सिम बंद करणं हा साधा उपाय. त्याहून बरा वाय-फायचा. गेमचा डेटा वाय-फायवरून गेला की मोडेम कॉलला मोकळा राहतो, गेमला धक्का लागत नाही, आणि मग खरोखर डू नॉट डिस्टर्ब पुरतं. कॉल अजिबातच नको असतील तर विमान मोड लावून वाय-फाय पुन्हा चालू करा. फक्त वाय-फाय कॉलिंग बंद ठेवा, नाहीतर कॉल त्या वाटेनेही येतात.

अँड्रॉइड फोनवर डू नॉट डिस्टर्बच्या आत `Repeat callers` नावाची सोय असते. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला की तो वाजू दिला जातो. "सगळं बंद केलं तरी फोन वाजला" या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच असते. माझं मत, ती चालूच ठेवावी. घरात कुणी आजारी असेल तर माणूस लागोपाठ दोनदा फोन करतोच. भाच्याने ती चालू ठेवली, आईचा नंबर तारांकित केला, तारांकितांचे कॉल वाजू द्यायची परवानगी दिली आणि राउटरच्या खोलीत जाऊन बसला. मग मी आत्यालाच दुसऱ्या सिमवर कॉल करायला लावला. पिंगचा आकडा हलला नाही.